जीएसटीची मागणी हप्त्यांनी भरण्यासाठी अर्ज: छोट्या व्यापाऱ्यासाठी टप्प्याटप्प्याने

जीएसटीचा मागणी आदेश हाती आल्यावर बहुतेक छोटे व्यापारी दोनच वाटांचा विचार करतात: कुठून तरी उसने घेऊन सगळी रक्कम भरायची, किंवा पुढचे पुढे पाहू म्हणून आदेश कपाटात ठेवायचा. केंद्रीय व राज्य वस्तू व सेवा कर अधिनियमांच्या कलम ८० मध्ये तिसरी वाट आहे. आयुक्तांकडे अर्ज केल्यास जास्तीत जास्त चोवीस मासिक हप्त्यांत रक्कम भरण्याची परवानगी मिळू शकते. मी स्वतः हार्डवेअरचे दुकान चालवतो आणि या प्रक्रियेतून गेलो आहे. अर्जाचा नमुना शोधणे मुळीच अवघड नाही. पत्रात नेमके काय सिद्ध करायचे आहे हे मात्र कोणी नीट सांगत नाही, म्हणून हा लेख.

समजायला सोपे जावे यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतो. तालुक्याच्या गावातील एका हार्डवेअर दुकानदाराला २०२१-२२ या वर्षासाठी कलम ७३ खाली १९ डिसेंबर २०२५ रोजी आदेश मिळाला. पुरवठादाराने कर न भरल्यामुळे दुकानदाराने घेतलेले १,८०,००० रुपयांचे इनपुट टॅक्स क्रेडिट नाकारले गेले. त्यावर सुमारे चार वर्षांचे व्याज १,२९,६०० रुपये आणि दंड २०,००० रुपये लागला. एकूण मागणी ३,२९,६०० रुपयांची झाली. दंड वीस हजार का, असा प्रश्न पडेल. कराच्या दहा टक्के किंवा दहा हजार रुपये यांपैकी जे अधिक ते, आणि तेही केंद्राच्या व राज्याच्या कायद्याखाली वेगवेगळे, असा तो हिशेब असतो. येथे प्रत्येकी ९०,००० रुपये कराचे दहा टक्के ९,००० होतात, म्हणून प्रत्येकी १०,००० लागले.

१. प्रथम अर्ज करता येतो का ते तपासा

कलम ८० ची सवलत विवरणपत्रात तुम्ही स्वतःच दाखवलेल्या कराला लागू होत नाही. जीएसटीआर-३बी मध्ये दाखवलेला कर पैसे नसल्यामुळे राहिला असेल, तर त्यासाठी हप्ते मागता येत नाहीत. मागणी अधिकाऱ्याने आदेशाद्वारे ठरवलेली असली पाहिजे. अशा आदेशासोबत डीआरसी-०७ हा गोषवारा येतो आणि त्यावर मागणीचा क्रमांक असतो.

नियम १५८ मध्ये आणखी तीन अटी आहेत. हप्त्यांसाठी मागितलेली रक्कम २५,००० रुपयांपेक्षा कमी नसावी. मागील आर्थिक वर्षात तुम्हाला हप्त्यांची परवानगी नाकारली गेलेली नसावी. आणि ज्या थकबाकीची वसुली आधीच सुरू झाली आहे अशी कोणतीही रक्कम तुमच्या नावावर नसावी. ही शेवटची अट सर्वांत जास्त लोकांना नडते, कारण जुनी एखादी किरकोळ मागणी आपल्या नावावर पडून आहे हे त्यांना ठाऊकच नसते. पोर्टलवर Services > Ledgers > Electronic Liability Register येथे जाऊन विवरणपत्राव्यतिरिक्तच्या देण्यांचा भाग उघडा, आणि तेथे जुने काही दिसले तर ते आधी भरून टाका.

२. अपील करायचे की हप्ते मागायचे, हे आधी ठरवा

आदेश मिळाल्यापासून तीन महिन्यांत रक्कम भरावी लागते, आणि अपिलाची मुदतही तीन महिन्यांचीच आहे. दोन्ही मुदती एकाच वेळी चालू असतात. हप्त्यांचा अर्ज केला म्हणून अपिलाची मुदत थांबत नाही, आणि नेमका हाच गैरसमज महागात पडतो: व्यापारी हप्त्यांच्या उत्तराची वाट पाहत बसतो, अर्ज फेटाळला जातो आणि तोवर अपिलाचे दारही बंद झालेले असते. योग्य कारण दाखवल्यास अपिलाला एक महिना वाढवून मिळू शकतो, पण त्यावर भिस्त ठेवू नये.

मागणी मुळातच चुकीची आहे असे तुमचे व तुमच्या कर सल्लागाराचे मत असेल, तर अपील करावे. त्यासाठी वादग्रस्त कराच्या दहा टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात १८,००० रुपये, भरल्यावर उरलेल्या रकमेची वसुली अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबते. मागणी मान्य आहे, किंवा लढण्यासारखे कागद हाती नाहीत, पण पैसे एकरकमी नाहीत, अशा स्थितीत कलम ८० उपयोगाचे आहे. या दुकानदाराकडे पुरवठादाराची बिले होती, परंतु पैसे रोखीने दिल्यामुळे बँकेतून दिल्याचा पुरावा नव्हता, म्हणून त्याने अपील न करण्याचा निर्णय घेतला.

एकदा हप्त्यांचे ठरले की पुरवठादाराची तक्रार पत्रात आणू नये. आदेश कसा अन्यायकारक आहे हे सांगणाऱ्या पत्रावर अधिकारी एवढेच म्हणेल की मग अपील करा.

३. कागदपत्रे जमवा

अर्ज आल्यावर आयुक्त तुमच्या क्षेत्रीय अधिकाऱ्याकडून अहवाल मागवतात, आणि तो अहवाल एकाच विषयावर असतो: या व्यक्तीची रक्कम भरण्याची आर्थिक क्षमता किती आहे. त्यामुळे कागद असे निवडावेत की अधिकाऱ्याला तो अहवाल तुमच्या कागदांवरूनच लिहिता यावा.

- मागणी आदेश आणि डीआरसी-०७ ची प्रत
- मागील दोन वर्षांचे नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि प्राप्तिकर विवरणपत्र
- व्यवसायाच्या सर्व बँक खात्यांचे मागील सहा महिन्यांचे उतारे, ओव्हरड्राफ्ट किंवा कॅश क्रेडिट खात्यासह
- आजच्या तारखेचा मालसाठा आणि येणे उधारीची यादी, प्रत्येक उधारी किती जुनी आहे त्यासह
- दुकानाचा भाडेकरार आणि कर्जाच्या हप्त्यांचा बँकेचा तक्ता
- शेवटच्या महिन्यापर्यंतची जीएसटीआर-३बी भरल्याचा पुरावा
- अर्जापूर्वी काही रक्कम भरली असल्यास तिची पावती

एखादे बँक खाते लपवण्याचा मोह टाळा. पॅनशी जोडलेली खाती विभागाला सहज कळू शकतात, आणि एक खाते लपवल्याचे दिसले की उरलेल्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

४. हप्ता किती झेपेल ते सर्वांत मंद महिन्यावरून काढा

पत्राचा खरा कणा येथे आहे. तुम्हाला एकाच वेळी दोन गोष्टी सिद्ध करायच्या असतात आणि त्या वरवर परस्परविरोधी वाटतात: सगळी रक्कम आज भरता येत नाही, आणि तरीही दरमहा ठरावीक रक्कम नक्की भरता येते. बहुतेक पत्रे फक्त पहिली गोष्ट सांगतात. धंदा बसला, उधारी अडकली, घरात आजारपण आले, असे दोन पाने लिहितात. हे सारे खरे असले तरी ते वाचून अधिकाऱ्याच्या मनात येते की हा माणूस हप्तेही भरू शकणार नाही. निव्वळ हलाखी सांगणारे पत्र स्वतःच्याच विरोधात पुरावा देते.

म्हणून आधी हिशेब करा. आपल्या दुकानदाराने पावसाळ्यातला महिना धरला, कारण जून ते सप्टेंबर बांधकामे मंदावतात आणि हार्डवेअरची विक्री घटते. त्या काळातली मासिक विक्री साडेसहा लाख आणि त्यावर बारा टक्क्यांप्रमाणे ढोबळ नफा ७८,००० रुपये. त्यातून भाडे १२,०००, दोन कामगारांचा पगार २०,०००, वीज, हमाली व फोन ७,००० आणि कर्जाचा हप्ता ९,००० वजा केल्यावर ३०,००० उरतात. घरखर्च १५,००० धरला, तर कराच्या हप्त्यासाठी १५,००० रुपये शिल्लक राहतात. दिवाळीच्या महिन्यात हाच आकडा मोठा दिसला असता, पण हप्ता वर्षातून एकदा नव्हे, दरमहा भरायचा असतो.

आता हप्त्याची बाजू. दुकानदाराने उधारी वसूल करून अर्जाआधीच ५०,००० रुपये भरायचे ठरवले. उरले २,७९,६००, आणि त्याचे चोवीस भाग केले की प्रत्येकी ११,६५० रुपये होतात. अनेक जण येथेच थांबतात. परंतु कलम ५० चे वार्षिक अठरा टक्के व्याज हप्त्यांच्या काळातही न भरलेल्या करावर चालूच राहते. आधी भरलेले पन्नास हजार कराच्या खाती टाकले, तर कर १,३०,००० उरतो आणि पहिल्या महिन्याचे व्याज १,९५० रुपये येते. म्हणजे पहिला हप्ता प्रत्यक्षात १३,६०० रुपयांचा होतो. पंधरा हजारांत तो बसतो, थोडी फटही राहते. त्याने मंद महिन्याऐवजी सरासरी महिना धरून हप्ता वाढवला असता, तर पहिल्याच पावसाळ्यात तो अडकला असता.

येथेच एक मुद्दा असा आहे की जो माझ्या मते पत्रात लिहिलाच पाहिजे. व्याज करावर चालते, आधी ठरलेल्या व्याजावर किंवा दंडावर नाही. म्हणून हप्ते आधी कराच्या खाती जमा झाले तर वर उल्लेखलेला कर बारा महिन्यांत संपतो आणि पुढचे चालू व्याज एकूण सुमारे बारा हजार रुपये लागते. तेच हप्ते आधी जुन्या व्याजात व दंडात वळते झाले, तर पहिले वर्षभर कर जसाच्या तसा राहतो आणि चालू व्याज जवळजवळ तिप्पट होते. हप्ते प्रथम कराच्या खाती जमा करण्यास परवानगी द्यावी, ही विनंती एका वाक्याची आहे, पण तिची किंमत पंचवीस हजारांच्या आसपास आहे.

५. पत्र लिहा

पोर्टलवरील अर्जात कारणे लिहायला छोटी चौकट असते. तेथे दोन-तीन वाक्यांत सार लिहून सविस्तर पत्र पीडीएफ करून जोडावे. आदेश कोणी दिला ते पाहून पत्र संबोधावे. आदेश राज्याच्या अधिकाऱ्याचा असेल तर राज्यकर आयुक्तांना आणि केंद्राच्या अधिकाऱ्याचा असेल तर केंद्रीय जीएसटी आयुक्तांना, दोन्ही ठिकाणी आदेश देणाऱ्या अधिकाऱ्यामार्फत. राज्याच्या कार्यालयाला मराठी पत्र चालते. केंद्राच्या कार्यालयासाठी सोबत हिंदी किंवा इंग्रजी प्रत जोडलेली बरी. आपल्या उदाहरणातील पत्र असे होते:

> प्रति,
> मा. आयुक्त, राज्यकर, महाराष्ट्र राज्य
> (आदेश पारित करणारे राज्यकर अधिकारी यांच्यामार्फत)
>
> विषय: कलम ८० व नियम १५८ अन्वये मागणीची रक्कम मासिक हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळण्याबाबत.
>
> संदर्भ: कलम ७३ अन्वये पारित आदेश दि. १९ डिसेंबर २०२५, कालावधी २०२१-२२, मागणी क्रमांक ……, जीएसटी क्रमांक …….
>
> महोदय,
>
> वरील आदेशान्वये माझ्याविरुद्ध कर १,८०,००० रुपये, व्याज १,२९,६०० रुपये व दंड २०,००० रुपये, अशी एकूण ३,२९,६०० रुपयांची मागणी निश्चित करण्यात आली आहे. सदर मागणी मला मान्य असून तिच्याविरुद्ध मी अपील दाखल केलेले नाही. यापैकी ५०,००० रुपये मी कराच्या खाती भरले असून पावती सोबत जोडली आहे.
>
> उर्वरित २,७९,६०० रुपये एकरकमी भरणे मला शक्य नाही. माझे भांडवल मुख्यतः मालसाठा व येणे उधारी यांत गुंतलेले असून आजच्या तारखेस बँक खात्यांतील एकत्रित शिल्लक ४१,००० रुपये आहे. मालसाठा मोडून रक्कम उभी केल्यास व्यवसाय बंद पडेल व पुढील करभरणाही थांबेल.
>
> तथापि, जून ते सप्टेंबर या सर्वांत कमी विक्रीच्या काळातही सर्व खर्च वजा जाता दरमहा सुमारे १५,००० रुपये शिल्लक राहतात, हे सोबतच्या तक्त्यावरून व बँक उताऱ्यांवरून दिसून येईल. त्यामुळे ११,६५० रुपये व शिल्लक करावरील कलम ५० अन्वये देय व्याज, असा मासिक हप्ता मी नियमितपणे भरू शकेन.
>
> तरी विनंती की, उर्वरित रक्कम चोवीस मासिक हप्त्यांत भरण्याची परवानगी द्यावी. हप्त्यांची रक्कम प्रथम कराच्या खाती जमा करण्यास अनुमती द्यावी. हप्त्याची देय तारीख दरमहा २८ ठेवावी. आणि या अर्जावर निर्णय होईपर्यंत वसुलीची कारवाई करू नये.
>
> माझी आजपर्यंतची सर्व विवरणपत्रे दाखल असून माझ्याविरुद्ध अन्य कोणतीही वसुली प्रलंबित नाही. एकही हप्ता चुकल्यास संपूर्ण शिल्लक रक्कम तात्काळ देय होईल, याची मला जाणीव आहे.
>
> आपला विश्वासू,

देय तारीख २८ का, हे सांगतो. मासिक जीएसटीआर-३बी भरण्याची तारीख २० असते. हप्ताही त्याच दिवशी आला तर दोन्हींपैकी एक राहण्याची शक्यता वाढते. बँकेच्या शिल्लक रकमेचा आकडा पत्रात स्पष्ट लिहावा. तो उताऱ्यात दिसणारच आहे, आणि तुम्ही स्वतःहून सांगितला की त्यावर प्रश्न उरत नाही.

६. पोर्टलवर अर्ज दाखल करा

लॉगिन करून Services > User Services > My Applications येथे जा आणि अर्जाच्या प्रकारात Application for Deferred Payment/Payment in Instalments निवडा. हाच डीआरसी-२०. मागणी क्रमांक निवडून हप्त्यांची संख्या व कारणे भरा, पत्र व कागदपत्रे जोडा आणि डिजिटल स्वाक्षरी किंवा ओटीपीने अर्ज दाखल करा. मिळालेला एआरएन जपून ठेवा. कार्यालयात फक्त कागदी पत्र देऊन पोच घेणे पुरेसे नाही, कारण नियमानुसार अर्ज इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच करायचा असतो. कागदी प्रत क्षेत्रीय अधिकाऱ्याला जरूर द्या, पण एआरएन मिळाल्यानंतर आणि त्याच्या उल्लेखासह.

अर्ज दाखल झाला की वसुली आपोआप थांबते, असे कलम ८० मध्ये कुठेही म्हटलेले नाही. तीन महिने उलटल्यावर अधिकारी बँकेला डीआरसी-१३ ची नोटीस पाठवून खात्यातील रक्कम थेट वळती करून घेऊ शकतो. म्हणून अर्ज पहिल्याच महिन्यात करा. या उदाहरणात मुदत १९ मार्च २०२६ ला संपत होती. जानेवारीत केलेल्या अर्जाला अहवाल व निर्णय यांसाठी पुरेसा वेळ मिळतो, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात केलेल्या अर्जाला मिळत नाही. शिवाय वसुली एकदा सुरू झाली की पहिल्या टप्प्यातली अट तुमच्यावरच उलटू शकते.

७. आदेश आल्यावर

निर्णय डीआरसी-२१ मध्ये येतो. मागितलेले चोवीस हप्ते मिळतीलच असे नाही. बारा किंवा अठराही मिळू शकतात. हप्त्यांची संख्या, रक्कम आणि पहिली तारीख नीट वाचा आणि चौथ्या टप्प्यातला हिशेब नव्या आकड्यांवर पुन्हा करा. अर्ज फेटाळला गेला आणि तीन महिने अजून संपले नसतील, तर त्याच दिवशी सल्लागाराशी अपिलाबद्दल बोला.

हप्ता भरताना तीन ठिकाणी लोक फसतात. पहिले म्हणजे चलन भरले की पैसे फक्त इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये येतात; तेथून ते मागणीकडे वळवल्याशिवाय हप्ता भरला असे होत नाही. चलन भरल्यावर Services > Ledgers > Payment towards Demand येथे जाऊन मागणी क्रमांकासमोर रक्कम वळती करा. स्वेच्छेने रक्कम भरण्यासाठी असलेल्या डीआरसी-०३ ने भरू नका. तसे भरल्यास मागणी पोर्टलवर उघडीच दिसते आणि ती जुळवण्यासाठी पुन्हा डीआरसी-०३ए भरावा लागतो.

दुसरे, केंद्र व राज्य यांचे खाते वेगळे असते. ११,६५० रुपयांचा हप्ता म्हणजे प्रत्येकी ५,८२५ रुपये, आणि चलनातही रक्कम तशीच विभागून भरावी लागते. व्याज व दंड रोख लेजरमधूनच भरावे लागतात, त्यांना क्रेडिट चालत नाही.

तिसरे, बँकेच्या खिडकीवर रोखीने भरणाऱ्यांसाठी. एका चलनावर एका करकालावधीसाठी दहा हजार रुपयांपर्यंतच रोख स्वीकारली जाते, त्यामुळे हा हप्ता नेटबँकिंग, एनईएफटी यांसारख्या मार्गानेच भरावा लागेल. एनईएफटीचे पैसे लेजरमध्ये दिसायला वेळ लागू शकतो, म्हणून देय तारखेच्या तीन-चार दिवस आधी पाठवा.

एक हप्ता चुकला तर कोणतीही नवीन नोटीस न देता उरलेली सगळी रक्कम त्याच दिवशी वसुलीस पात्र होते. चुकणार असे दिसू लागले, तर तारीख येण्याआधी दुसरीकडून उसने घेऊन तो एक हप्ता भरणे नंतरच्या कोणत्याही विनंतीपेक्षा स्वस्त पडते. हप्ते चालू असताना मासिक विवरणपत्रेही वेळेवर भरत राहा.

शेवटचा हप्ता भरल्यावर Electronic Liability Register मध्ये त्या मागणी क्रमांकासमोर कर, व्याज व दंड या तिन्ही रकान्यांत शिल्लक शून्य दिसते का ते पाहा. चालू व्याजाचे शेवटचे शे-दोनशे रुपये बहुधा राहून जातात आणि तेवढ्यासाठी मागणी उघडी राहते. ते भरून त्या पानाची प्रत आदेशासोबत फाईलला लावून ठेवा.